सिगारेटच्या वासाचा फ्लॅट: सांगलीतले अकरा आठवडे

१८ मे २०२४, शनिवार. भर दुपारी बाराच्या उन्हात एजंटनं मला विश्रामबागेतला हा फ्लॅट दाखवला. बँकेत बदली होऊन रत्नागिरीहून सांगलीला यायचं होतं आणि हातात दोन आठवडे होते. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, स्वयंपाकघराच्या ओट्यावर अगरबत्ती लावलेली होती. मला वाटलं, किती छान, घर दाखवायच्या आधी उदबत्ती लावली. भिंतींचा रंग फिकट क्रीम वाटला. हॉलमध्ये एका भिंतीवर फोटोच्या आकाराचा पांढरा चौकोन दिसत होता, तोही मी पाहिला. फोटो काढलेल्या जागी चौकोन उरतोच, असं म्हणून पुढे गेले. तो चौकोनच भिंतीचा खरा रंग होता आणि बाकीची भिंत क्रीम नव्हती, हे कळायला तीन आठवडे लागले.

आधीचे भाडेकरू एकटे राहायचे, रात्रपाळी करायचे आणि दिवसा खिडक्या लावून झोपायचे. सहा वर्षं इथे होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, माणसं आपापल्या घरात जगतात. पण सहा वर्षं बंद खोलीत रोज वीस-पंचवीस सिगारेटी म्हणजे काय होतं, हे मला आता भिंतींच्या भाषेत माहीत आहे.

२९ मेला लीव्ह अँड लायसन्सचा करार झाला. भाडं ११,०००, डिपॉझिट ४०,०००, मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, म्हणजे तीनशेच्या घरात, आणि महापालिका हद्दीत असल्यानं नोंदणी फी १,००० रुपये. एजंटनं घरी येऊन अंगठ्याचे ठसे आणि फोटो घेतले, पोलीस पडताळणीचा अर्जही त्याच बैठकीत भरून टाकला. या सगळ्यात मी एक चूक केली. करारात एक ओळ होती की जागा चांगल्या स्थितीत ताब्यात घेतली आहे आणि मालकाच्या परवानगीशिवाय रंग किंवा बदल करू नये. मी ती वाचली, मान हलवली आणि सही केली. भिंतींचे फोटो काढले नाहीत. किल्ली घेताना दर भिंतीचा, दर कपाटाच्या आतला फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवून ठेवा. पुढे माझं अर्धं बोलणं त्याच एका गोष्टीवर अडलं.

१ जूनला सामान आलं. पहिला आठवडा बरा गेला. संध्याकाळी घर उघडलं की हलका वास यायचा, पण बंद घराचा असेल म्हणून आम्ही सोडून द्यायचो. मग ८ जूनच्या रात्री धो धो पाऊस झाला. पहाटे आई उठून हॉलमध्ये बसलेली. तिला दम्याचा त्रास आहे. म्हणाली, "अगं, खाली कुणी विडी ओढतंय का बघ." खाली कुणीच नव्हतं. वास घरातच होता, आणि भिंतीजवळ गेलं की वाढत होता.

याचं कारण मला नंतर नीट कळलं. धूर हवेतून निघून जातो असं आपल्याला वाटतं, पण त्यातला डांबरासारखा चिकट भाग आणि निकोटिन गार पृष्ठभागावर बसतात. भिंत, छत, काच, लाकूड, पडदे, सगळीकडे. त्यावर धूळ चिकटते, त्यावर पुन्हा थर, असं वर्षानुवर्षं चालतं. हा थर शांत पडून राहत नाही. उकडलं किंवा हवेत दमटपणा आला की तो वास परत हवेत सोडतो. म्हणून मेच्या कोरड्या हवेत फ्लॅट निर्मळ वाटला आणि जूनच्या पहिल्या पावसात उघडा पडला. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं होतं की धूम्रपान करणारे घर सोडून गेले, घर दोन महिने रिकामं राहिलं, साफसफाई झाली, तरी नव्यानं आलेल्यांच्या घरात निकोटिन सापडतंच. ते वाचल्यावर आमच्या अगरबत्तीवाल्या एजंटची आठवण आली.

९ जूनला रविवार होता. मी एक पांढरा ओला रुमाल घेतला आणि बेडरूमच्या भिंतीवर वीतभर पुसला. रुमाल थेट पिवळट तपकिरी, जणू त्यावर कोरा चहा सांडला. भिंतीवर एक उजळ पट्टा उमटला. ही चाचणी घर घेण्याआधीच करायला हवी होती. भाड्यानं घर बघायला जाल तेव्हा पर्समध्ये ओला रुमाल ठेवा आणि भिंतीवर नाही तर निदान दाराच्या वरच्या चौकटीवर फिरवा.

मालकांना फोन केला. निवृत्त शिक्षक आहेत, मुलाकडे पुण्यात राहतात. "काका, भिंतींना सिगारेटचा थर आहे." ते म्हणाले, "अहो, रंग मारून घ्या एक हात, जाईल वास. माझी हरकत नाही." ही परवानगी तोंडी होती. मी तेवढ्यावर खूश झाले.

इथे माझी दुसरी चूक आणि सगळ्यात महागडी. शेजारच्या काकूंनी एक रंगारी सुचवला. त्यानं हॉल बघितला, भिंतीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, डिस्टेंपरचे दोन हात मारले की काय राहतंय? दोन दिवसांचं काम." ११ आणि १२ जूनला त्यानं हॉल रंगवला. माल आणि मजुरी मिळून ६,५००. संध्याकाळी हॉल दुधासारखा पांढरा. आई म्हणाली, "गेला हो वास." ओल्या रंगाचा वास होता तो.

चौथ्या-पाचव्या दिवशी छताला, पंख्याच्या भोवती, फिकट पिवळे ठिपके दिसायला लागले. २० तारखेपर्यंत भिंतीच्या वरच्या हातभर भागात चहाच्या डागासारख्या लाटा उमटल्या होत्या आणि वास पुन्हा तसाच. मला वाटलं रंगाऱ्यानं हलका माल वापरला. तसं नव्हतं. डिस्टेंपर हा पाण्यात कालवलेला रंग. तो भिंतीवर बसतो तेव्हा त्यातलं पाणी खालच्या पिवळ्या थराला विरघळवतं, आणि रंग वाळताना पाणी बाहेर निघतं तेव्हा ते रंगद्रव्य वर ओढून आणतं. म्हणजे दोन हातांऐवजी चार हात मारले असते तरी पिवळं वर येतच राहिलं असतं. आधी धुवायचं, मग त्या थराला कोंडायचं, शेवटी रंग, हा क्रम मी उलटा केला होता. ६,५०० रुपये गेले, वर पुढे खरवडायचं काम वाढलं.

त्याच दिवसांत मी आणखी एक मूर्खपणा केला. कुठेतरी वाचलं होतं की व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की वास जातो. १५ आणि १६ जूनला मी बादलीत दोन्ही ओतलं. छान फसफसलं, मला वाटलं ताकद आहे यात. अर्धी भिंत पुसली, काहीच फरक नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात उरतं ते खारट पाणी. दोन्ही कामाचे आहेत, पण वेगवेगळ्या वेळी.

आता जे खरंच चाललं ते.

चिकट थर हा अर्धा तेलकट असल्यानं त्याला अल्कली लागते. किराणा दुकानात धुण्याचा सोडा मिळतो, खाण्याचा नाही, कपडे धुण्याचा. गणपती पेठेतून एक किलो आणला. पाच लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम सोडा, वर भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा. हातात रबरी हातमोजे हवेतच, आणि छत धुताना डोळ्यांवर चष्मा. सोडा त्वचा कोरडी करतो आणि डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो. मी पहिल्या दिवशी हातमोजे न घालता काम केलं आणि बोटांची सालं निघाली. आणि एक धोक्याची गोष्ट: कुणी ब्लीच वापरा म्हणेल, कुणी अमोनिया. ही दोन कधीही एकत्र करू नका, आणि ब्लीच व्हिनेगरमध्येही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, बंद बेडरूममध्ये तर जिवावर बेतेल.

२२ आणि २३ जूनला बेडरूम धुतली. तिथे प्लास्टिक पेंट होता, म्हणून धुता आली. हे आधी तपासा. भिंतीवर कोरडा तळवा घासा. तळव्याला पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर, तो धुतला की रंगच उतरतो. भुकटी लागली नाही तर दाराच्या मागे हातभर जागेवर सोड्याचं पाणी लावून पाच मिनिटं थांबा. रंग कपड्यावर आला नाही तर पुढे जा.

छतापासून सुरुवात केली, कारण धूर वर चढतो आणि सगळ्यात जाड थर तिथेच बसतो. फरशी पुसायचा चपटा मॉप उपयोगी पडला. पंखा आणि बोर्ड धुताना मेन स्विच बंद. बोर्डावर बादलीतलं पाणी उडू द्यायचं नाही, घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय मेन सुरू करायचं नाही.

भिंतीला मात्र खालून वर धुवायचं. हे मला दुसऱ्या रंगाऱ्यानं नंतर सांगितलं, पण मी योगायोगानं तसंच केलं होतं, कारण स्टुलावर चढायचा कंटाळा आला होता. वरून सुरुवात केली तर घाण पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या मळक्या भिंतीवर उतरतात आणि तिथे कायमचे पट्टे पडतात. भिंत आधीच ओली असेल तर ओघळ सहज पुसला जातो. साधारण तीन फूट बाय तीन फूट जागा घ्यायची, सोड्याचं पाणी लावायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचं नाही. त्यात पिवळे ओघळ सुटायला लागतात, ते दिसलं की मायक्रोफायबरच्या फडक्यानं पुसायचं. मग दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यानं, या वेळी वरून खाली, पुन्हा पुसायचं. भिंतीवर सोडा राहिला तर पुढे रंग नीट धरत नाही, म्हणून हे धुणं वगळू नका.

पहिल्या हाताला चौदा बादल्या पाणी बदललं. दुसऱ्या हाताला आठ. तिसऱ्या हाताला पाणी जवळपास स्वच्छ राहिलं. पांढरा ओला रुमाल पुन्हा फिरवला, तो पांढराच राहिला. तेव्हा कुठे मी बेडरूमच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसले. कंबर आणि दंड दोन दिवस भरून आले होते, पण नाकाला पहिल्यांदा फक्त साबण जाणवत होता.

काच, सनमायका, टाइल्स आणि अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना मी सोडा लावला नाही. सोड्यानं अॅल्युमिनियम काळवंडतं. तिथे एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि एक लिटर पाणी. निकोटिन स्वतः अल्कलीसारखं वागतं, त्यामुळे आम्लाशी त्याचं जमतं आणि ते पाण्यात सहज विरघळतं. जाड थर मात्र व्हिनेगरनं निघत नाही, पातळ निघतो. मच्छरदाणीची जाळी काढून बाथरूममध्ये सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवली. सकाळचं पाणी बघून आई म्हणाली, "हे आपण इतके दिवस श्वासात घेत होतो का गं?" तिच्या अगरबत्त्या मी त्या दिवसापासून बंद केल्या. वास झाकायला तिनं रोज तीन-चार लावल्या होत्या, आणि त्या धुराचाही चिकट थर बसतोच. एअर फ्रेशनरची तीच गत. कोळसा किंवा खाण्याच्या सोड्याच्या वाट्या कोपऱ्यात ठेवून मीही पाहिल्या. हवेतला थोडा वास कमी होतो, पण भिंतीतला माल रोज नवा वास सोडत असताना वाटी काय करणार.

पडदे दोन वेळा धुण्याच्या सोड्यात भिजवून धुतले आणि ते वाचले. कापसाची जुनी गादी मी मालकांना विचारून टाकली. सोफ्याचं मात्र जमलं नाही. त्याच्या आतला फोम सहा वर्षं धूर पीत होता. वरून पुसलं, उन्हात ठेवलं, खाण्याचा सोडा भुरभुरून दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम केला, आणि पुढच्या पावसात तो पुन्हा तसाच. फोम धुता येत नाही आणि कोंडताही येत नाही. काकांना तो टाकायचा नव्हता, त्यांच्या सौभाग्यवतींच्या हौसेचा होता. शेवटी तो माझ्या खर्चानं टेम्पोत घालून त्यांच्या भावाच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवला. टेम्पोचे ४०० रुपये. त्या सोफ्याशी भांडण्यात माझे दोन रविवार गेले होते.

हॉल उरला होता. नवा डिस्टेंपर, त्याखाली जुना डिस्टेंपर, आणि मध्ये कोंडलेला पिवळा थर. हार्डवेअरच्या दुकानात मी नेमकं काय घडलं ते सांगितलं. दुकानदारानं विचारलं, "पहिला प्रायमर कुठला मारला होता?" मी म्हटलं, रंगाआधीचा तो कोंडणारा हात मारलाच नाही. त्यानं एका वयस्कर रंगाऱ्याचा नंबर दिला. ते ३ जुलैला आले, भिंत नखानं खरवडली, छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे समदं उतरवायला लागतंय ताई. पाण्याचा प्रायमर न्हाई चालायचा, ऑइल प्रायमर. पण मी वारी करून आलो की करतो." त्या वर्षी आषाढी १७ जुलैला होती. मला घाई होती, पण मी थांबले. ते दोन आठवडे मी हॉल बंद ठेवून बेडरूममध्ये राहायचं ठरवलं, आणि त्या वेळात मालकांशी नीट बोलून घेतलं.

या वेळी तोंडी नाही. मी काकांना पांढऱ्या चौकोनाचा फोटो, रुमालाचा फोटो, बाहेर आलेल्या पिवळ्या लाटांचा फोटो पाठवला आणि लिहिलं की मजुरी मी देईन, प्रायमर आणि रंगाची बिलं तुमच्या नावावर घेईन, ती भाड्यातून वळती करावीत. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला. "करारात रंगाच्या खर्चाचं काही लिहिलेलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "काका, हा थर राहिला तर पुढचा भाडेकरू पावसाळ्यात घर बघायलाच येणार नाही." थोडा वेळ गप्प राहिले. "बरं, बिलं पाठवा. पण एकदम नको, तीन महिन्यांत." मालाचं बिल पुढे ७,३५० झालं आणि ते जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या भाड्यातून २,४५० असं वळतं ठरलं. मी साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या, शिवाय व्हॉट्सअॅपवर त्याचा मजकूर पाठवून त्यांचं "ठीक आहे" घेऊन ठेवलं. वाद होण्यासाठी नाही, विसरू नये म्हणून.

२० जुलैला ते रंगारी मामा कपाळाला बुक्का लावून आले. दोन दिवस फक्त खरवडणं. भिंत ओली करायची, पत्रीनं डिस्टेंपर सोलायचा. खालून जुना थर पोपड्यांनी निघत होता. सैल डिस्टेंपरवर ऑइल प्रायमर मारला तर सगळा थर एकदम पापडासारखा सुटतो, म्हणून या कामात घाई चालत नाही. मग पॉलिश पेपर, आणि जिथे थर पिवळाच राहिला तिथे मामांनीही सोड्याच्या पाण्यानं पुसून घेतलं. हे बघून मला बरं वाटलं. खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरले.

आणि मग पाऊस. जुलैच्या शेवटी आठवडाभर संततधार, कृष्णेचं पाणी चढत होतं, गल्लीत सगळे आयर्विन पुलाची पातळी विचारत होते. २००५, २०१९ आणि २०२१ बघितलेल्या लोकांना दुसरं काही सुचत नाही आणि ते बरोबरच आहे. आमच्या भागात पाणी आलं नाही, पण भिंत वाळेना. ऑइल प्रायमर कोरड्या हवेत रात्रीत वाळतो. इथे चोवीस तासांनंतरही बोट लावलं की चिकटायचा. मामा रोज यायचे, बोट लावायचे, "न्हाई" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. पश्चिमेकडच्या भिंतीला बाहेरून ओल येत होती. तिथे प्रायमर मारायला त्यांनी सरळ नकार दिला. आतून ओल कोंडली तर फुगा येतो, म्हणाले. ती भिंत दिवाळीनंतर, बाहेरची गळती काढून मगच.

बाकीच्या भिंतींना आणि छताला ऑइल प्रायमरचे दोन हात, मध्ये दोन दिवस थांबून. पहिल्या हातानंतर छतावर पंख्याभोवती एक फिकट पिवळं वर्तुळ दिसलं. माझ्या पोटात खड्डा पडला. मामा म्हणाले, "तेवढ्याला दुसरा हात मारतो की." दुसऱ्या हातानंतर वर्तुळ आलं नाही. आम्ही मुद्दाम तीन दिवस थांबून बघितलं आणि मगच प्लास्टिक पेंटचे दोन हात दिले. प्रायमरनंतरचं हे थांबणं वगळू नका. डाग बाहेर यायचाच असेल तर तो रंगाच्या आधी येऊ दे.

प्रायमरला टर्पेंटाइनचा उग्र वास असतो. आईला त्या दिवसांत मावशीकडे मिरजेला पाठवलं होतं. दम्याच्या माणसाला त्या खोलीत बिलकूल राहू देऊ नका.

शेवटचं काम कपाटांचं. बाहेरून सनमायका, आत उघडं प्लायवूड. बाहेरचा भाग व्हिनेगरनं निघाला, आत मात्र लाकडानं वास पिऊन ठेवला होता. प्लायवूड फार ओलं करता येत नाही, फुगतं. ओळखीच्या सुतारानं सांगितलं, लाखेचं पॉलिश मार. चपडा लाख आणि स्पिरिट, एक लिटर स्पिरिटला अडीचशे ग्रॅम लाख, बाटलीत रात्रभर विरघळवायची. लाखेचा पातळ थर वासाला आत कोंडून ठेवतो आणि तासाभरात वाळतो. मी आधी कपाट फक्त ओलसर फडक्यानं पुसलं, दोन दिवस उघडं ठेवलं, १८० नंबरचा पॉलिश पेपर मारला. पहिला हात मी पावसाळी संध्याकाळी दिला आणि पॉलिशवर पांढुरकं दव आल्यासारखं पसरलं. दमट हवेत लाख अशी पांढरट पडते. नंतर ऊन पडलेल्या दुपारी दुसरा हात दिला, तेव्हा नितळ बसला. स्पिरिट पेट घेतं, म्हणून त्या वेळी गॅस बंद, देवघरातला दिवाही विझवलेला, खिडक्या उघड्या. लाख, स्पिरिट, ब्रश आणि पॉलिश पेपर मिळून १,१०० रुपये.

खर्चाचा हिशोब सांगते, कारण मला तो कुठेच मिळाला नव्हता. पहिला वाया गेलेला रंग ६,५००. सोडा, व्हिनेगर, फडकी, मॉप, हातमोजे १,१५०. मामांची मजुरी ९,६००, माल ७,३५०. लाखेचं काम १,१००, सोफ्याचा टेम्पो ४००. एकूण २६,१००. त्यातले ७,३५० मालकांनी सोसले. डिस्टेंपरची ती चूक केली नसती तर ६,५०० वाचले असते, शिवाय मामांचे खरवडायचे दोन दिवसही कमी झाले असते.

शेवटची परीक्षा आमच्या नाकाची नव्हती. रोज त्याच घरात राहिलं की नाक सरावतं, वास असूनही कळत नाही. १५ ऑगस्टला आम्ही रत्नागिरीला गेलो. जाताना सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. १८ तारखेच्या रात्री, तीन दिवस बंद असलेल्या आणि मध्ये पाऊस पडून गेलेल्या घराचं कुलूप आईनं उघडलं. मी तिला म्हटलं, तू आधी आत जा, मी बाहेर थांबते. ती हॉलमध्ये उभी राहिली, मग बेडरूममध्ये गेली, कपाट उघडून डोकं आत घातलं. बाहेर येऊन म्हणाली, "रंगाचा वास आहे थोडा. सिगारेटचा नाही." मग दारातच थांबून मान वर केली. "इथे मात्र आहे हं, या दाराशी."

स्टूल आणलं. मुख्य दाराची वरची कड, जी खालून कधी दिसत नाही, तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला तपकिरी मेण लागल्यासारखं चिकट काहीतरी आलं. सगळ्या दारांच्या वरच्या कडा राहून गेल्या होत्या. रात्री साडेदहाला मी पुन्हा सोड्याची बादली भरली.